पेन्सिलीतलं पाणी

छत्रपती संभाजीनगरच्या खोकडपुऱ्यातल्या एका घराच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि दाराची चौकट यांच्यामधल्या हातभर भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे. खिळा मुद्दाम खाली ठोकलेला, चौथीतल्या नातीचा हात पोचेल इतपत. शेजारी सुतळीला बांधलेलं एक बॉलपेन आणि एक पेन्सिल. खालच्या फळीवर पिठाच्या डब्याला टेकून दोनशे पानी लांब वही उभी असते. कॅलेंडरवर घरातल्या कुणीही लिहावं, वहीत फक्त आजींनी, असा इथला नियम. घरात माणसं तेरा: आजी, दोन मुलगे, दोन सुना, पुतण्या, त्याची बायको आणि सहा पोरं. घराचं नाव छापायचं नाही, ही आजींची अट होती. त्यांचं म्हणणं, नाव छापलं की आहेराच्या पानावरची माणसं वही बघायला येतील. त्या पानाकडे येऊच, पण आधी कॅलेंडर.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं, तेव्हा पंचांग ही पोथीसारखी गोष्ट होती. गुरुजींकडे असायची, नाहीतर देवघरातल्या फळीवर. साळगावकरांनी ती भिंतीवर आणली आणि तिथी, नक्षत्र, सण, उपास सगळं त्या त्या तारखेच्या चौकोनात बसवलं. ज्याला पंचांग वाचता येत नाही त्यालाही एकादशी कधी ते कळू लागलं. याची एक अडचण मात्र अशी की चौकोन आधीच गच्च भरलेला असतो. बँकेच्या किंवा किराणा दुकानाच्या फुकट कॅलेंडरात लिहायला ऐसपैस जागा मिळते, इथे बोटाच्या पेरापेक्षा जास्त नाही. म्हणून आजींच्या कॅलेंडरवर वाक्य सापडत नाही. ‘पा’ म्हणजे पाणी, ‘ग’ म्हणजे नवं सिलिंडर लावलं, ‘दू’ म्हणजे दूध. धाकटा मुलगा वाळूजच्या एका कंपनीत आहे, त्याची पाळी आठवड्याला बदलते. त्या आठवड्याच्या सोमवारी ‘फ’, ‘से’ किंवा ‘ना’ लिहिलेलं असतं: फर्स्ट, सेकंड, नाईट. ‘फ’ असला की पहाटे साडेचारला कणीक मळायची, ‘ना’ असला की सकाळी दहानंतर वरच्या खोलीशेजारी पोरांनी दंगा करायचा नाही. ही दोन्ही कामं सांगायला कुणाला बोलावं लागत नाही.

आता दुधाचं बघा. घरी रोज चार लिटर दूध येतं. पण महिन्यातले वीस-बावीस चौकोन दुधाच्या बाबतीत कोरेच असतात. ‘दू’ दिसतो तो फक्त ज्या दिवशी चारच्या जागी तीन आलं किंवा पाच घेतलं त्या दिवशी, ‘दू –१’ किंवा ‘दू +१’ असा. महिनाअखेरीला हिशेब करायला मिनिट लागत नाही: तीस दिवसांचे एकशेवीस लिटर, त्यातून उण्याचे पाच वजा, अधिकाचे तीन जमा, म्हणजे एकशेअठरा. भावाने गुणलं की संपलं. ‘नेहमीचं लिहायचं नाही, चुकलेलं लिहायचं,’ असं आजी म्हणतात. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी विचारलं, हे कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, ‘शिकवायचं काय त्यात? सगळं लिहिलं तर वाचणार कोण?’

त्याचा पडताळा घरात एकदा आला होता. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काही दिवस डोळ्यांना ताण द्यायचा नव्हता. थोरली सून शाळेत शिकवते, तिने कॅलेंडर हाती घेतलं आणि शाळेच्या हजेरीपटासारखं चोख भरलं. रोजचं दूध चार, रोजची भाजी कोणती, इस्त्रीचे कपडे किती, मुलांच्या शिकवण्या, सगळं. पंधरवड्यात चौकोन निळे झाले आणि त्या निळ्यात ‘ग’ कुठे हरवला ते कुणाला दिसेना. दुसरं सिलिंडर कधी लावलं हे न कळल्याने नंबर लावायचा राहिला, आणि ऐन पाहुण्यांत शेगडी विझली. घरात दोन सिलिंडर असतात. आजींचा रिवाज असा की दुसरं लावलं त्याच दिवशी पहिल्यासाठी नंबर लावायचा. या घराला १४.२ किलोचं सिलिंडर अठरा-वीस दिवस जातं. ते पंधरा दिवसांतच संपलं तर आजी आधी पाहुण्यांचे दिवस मोजतात, मग थंडीत आंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं का ते विचारतात, आणि दोन्ही नसेल तर नळी तपासायला लावतात. एकदा नळीच्या टोकाला चीर निघाली ती अशीच, दोन ‘ग’ जवळ आले म्हणून.

पण दूध आणि गॅस या सोप्या गोष्टी. दूध रोज येतं, गॅस जळेल तसा संपतो. या शहरात अवघड आहे ते पाणी.

शहराबाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागतं. छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. नाथसागर एवढा मोठा की पलीकडचा काठ दिसत नाही, पण तो शहरापेक्षा खाली आहे आणि अंतर पन्नासेक किलोमीटरचं. पाणी पंपांनी उचलून आधी फारोळ्याला आणायचं, तिथे शुद्ध करायचं, पुन्हा उचलून नक्षत्रवाडीला चढवायचं, आणि मग शहरभरच्या टाक्यांत वाटायचं. वर्षानुवर्षं हे काम ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन वाहिन्यांवर चाललं, आणि शहर मात्र सिडको, हडको, सातारा, देवळाई असं चहूकडे वाढत गेलं. त्यामुळे पाणी पाळीने सोडायचं. आज या भागात, उद्या त्या भागात, आणि तुमची पाळी पुन्हा यायला पाच, सहा, कधी आठ दिवस. धरण काठोकाठ भरलं तरी हे अंतर कमी होत नाही. परगावचे पाहुणे ‘यंदा जायकवाडी भरलं ना?’ असं विचारतात तेव्हा आजींना हसू येतं. त्या म्हणतात, विहीर भरली तरी दोर तेवढाच.

गंमत अशी की याच गावात सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर आणली होती, जमिनीखालून, उताराने, पंपाशिवाय. पुढे पाणचक्कीचं पाणीही तसंच आलं. तो इतिहास सांगायला मला आवडतं, पण आजींना त्यात रस नाही. त्यांना पुढची पाळी हवी असते.

आणि कॅलेंडर इथे उपयोगी पडत नाही. कॅलेंडरला आधीपासून ठरलेले दिवस कळतात. एकादशी कधी, मंगळवार कधी, पगार कधी. पाण्याची पाळी तारखेला बांधलेली नसते, मागच्या पाळीला बांधलेली असते. आणि ती अधूनमधून सरकते. जायकवाडीला वीज गेली, वाहिनी कुठे फुटली, पंप बंद पडला, की एका भागाचं नाही, साऱ्या शहराचं वेळापत्रक एक-दोन दिवस पुढे जातं, कारण सगळे एकाच रांगेत उभे असतात. आजींनी सुरुवातीला महिनाभराच्या पाळ्या एकदम पेनाने लिहून ठेवल्या होत्या. पहिली पाळी सरकली की पुढच्या सगळ्या खोट्या ठरत. खाडाखोडीने पान फाटायला आलं, तेव्हा सुतळीला पेन्सिल बांधली गेली.

आता पद्धत अशी. पाणी येऊन गेलं की त्या चौकोनात पेनाने ‘पा’, आणि पुढे किती मिनिटं आलं ते. मग सहा घरं मोजून पुढच्या चौकोनात पेन्सिलीने ‘पा’. एकच, पुढचे नाहीत. पेन्सिल म्हणजे अंदाज, पेन म्हणजे घडलेलं. हा फरक घरातल्या लहानात लहान पोराला कळतो, आणि पेन्सिलीच्या भरवशावर कुणी गोधड्या भिजत घालत नाही.

मिनिटं कशाला लिहायची? कारण पाणी आलं एवढं पुरत नाही, किती आलं ते हवं. घर जुन्या वाटणीचं असल्याने नळजोडण्या दोन आहेत, आणि दोन्ही अंगणातल्या हौदात सोडलेल्या. हौद जमिनीखाली आहे. रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे दाब कमी असला तरी पाणी त्यात उतरतं. वरच्या मजल्याच्या नळाला जे मिळणार नाही ते हौदाला मिळतं. हौद सात फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट खोल. एक फूट उंचीचं पाणी म्हणजे पस्तीस घनफूट, म्हणजे हजार लिटरला थोडंसं कमी. तेरा माणसांना माणशी पंचाहत्तर लिटर धरलं तर दिवसाला लागतं साधारण तेवढंच. थोडक्यात, या घरात एक फूट म्हणजे एक दिवस.

हे गणित आजींनी कागदावर केलं नव्हतं. त्यांच्याकडे बांबूची काठी आहे, तिच्यावर फुटाफुटाला खाचा. रोज सकाळी ती हौदात सोडायची आणि ओली खाच बघायची. काही महिने त्या खाचा वहीत लिहीत गेल्या आणि रोज बरोबर एक खाच उतरते हे त्यांच्या लक्षात आलं. थोरल्या मुलाने नंतर लांबी-रुंदी मोजून सांगितलं, ‘आई, फुटाला हजार लिटर होतात.’ आजी म्हणाल्या, ‘लिटरचं तू बघ. मला दिवस कळले.’ गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे, म्हणजे आणखी एक दिवस. हौद भरलेला आणि टाकी भरलेली असेल तर सहा दिवस, आणि पाळीही सहा दिवसांची. यात ढिलाईला जागा नाही. दीड तास पाणी आलं की हौद भरतो. पाऊण तासच आलं तर निम्मा, आणि मग काठी न बघताही कळतं की चौथ्या दिवशी टँकर बोलवावा लागेल.

एका मे महिन्याचं पान त्यांनी मला काढून दाखवलं. जुनी पानं त्या फेकत नाहीत. वर्षाचा गठ्ठा बांधून माळ्यावर ठेवतात. २ तारखेला पेनाने ‘पा ९०’. ८ तारखेला पेन्सिलीने ‘पा’. म्हणजे ३ च्या सकाळी काठीला पाच फूट, ४ ला चार, ५ ला तीन, ६ ला दोन. इथवर सगळं नेहमीसारखं. ६ तारखेच्या सकाळी पेपरात आलं की वाहिनी फुटली आहे, दुरुस्ती चालू आहे, पाळ्या पुढे जातील. किती पुढे, ते पेपरात नव्हतं. आजींजवळ त्या क्षणी हौदात दोन फूट आणि टाकीत एक दिवस, मिळून तीन दिवसांचं पाणी होतं. नेहमीसारखं वापरलं असतं तर ८ तारखेच्या रात्री घर कोरडं.

त्यांनी पेन्सिलीचा ‘पा’ खोडला आणि त्या जागी नवी तारीख लिहिली नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. माहीत नसलेली तारीख अंदाजाने लिहिली की माणसं तिच्यावर विसंबतात. त्याऐवजी ६ च्या चौकोनात एक आडवी रेघ आली. रेघ म्हणजे आजपासून काटकसर. धुणं बंद, फक्त शाळेचे गणवेश आणि कंपनीचे कपडे. आंघोळ एका बादलीत. फरशी पुसायची नाही. भांडी आधी राखेने घासून मग दोन घमेल्यांत विसळायची, नळाखाली धरायची नाहीत. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला. वापर सहाशे लिटरांवर आला, आणि तीन दिवसांचं पाणी पाच दिवस पुरण्याजोगं झालं, म्हणजे १० तारखेच्या रात्रीपर्यंत. टँकरचा फोन त्यांनी ९ ला दुपारी करायचं ठरवलं होतं, कारण टँकरवाल्यालाही त्या दिवसांत एक दिवस आधी सांगावं लागतं.

९ ला दुपारी गल्लीच्या टोकाला लाईनमन भेटला, तो म्हणाला उद्या रात्री सोडतो. फोन राहिला. १० च्या रात्री दोन वाजता नळ आले. धाकटा मुलगा तेव्हा सेकंड शिफ्ट करून आलेला, जागाच होता. त्यानेच दोन्ही तोट्या उघडल्या आणि सकाळी लिहिलं, ‘पा ७०’. टाकीत तेव्हा बादलीभर पाणी उरलं होतं. ‘ना’ची पाळी असती तर रात्री कोण उठलं असतं? म्हणून पाणी रात्री येण्याची शक्यता असली की आजी ‘फ से ना’ आधी बघतात आणि उठणाऱ्याचं नाव ठरवून मोकळ्या होतात.

पाण्याची ही पेन-पेन्सिल घरात दुसरीकडेही चालते, आणि कुरडयांत तर फार. मराठवाड्यात होळी झाली की वाळवणं सुरू. कुरडयांना गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास येतो. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं, चीक हिंग-मीठ घालून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने घालायच्या. एकदा गहू भिजला की मागे फिरता येत नाही. नव्या सुनेला वाटेल, सगळ्यात जास्त पाणी चीक काढायच्या दिवशी लागतं, पातेली, फडकी, चादरी धुवायला, तेव्हा तो दिवस पाण्याच्या पाळीवर आणावा. हिशेब चुकीचा नाही, पण ती पाळी पेन्सिलीतली असते. ती सरकली तर भिजलेला गहू आंबून जाईल. म्हणून आजी गहू भिजत घालतात तो ज्या दिवशी पाणी पेनाने आलंय त्याच संध्याकाळी. मग चिकाच्या दिवशी हौदात दोन फूट तरी असतातच, आणि वाळवणाचा जास्तीचा खर्च फार तर पाव फूट. ढगांचं मात्र काही लिहिता येत नाही. ते आल्यावर सगळे गच्चीवर धावतात.

वहीचं काम निराळं आहे. कॅलेंडर पुढचं सांगतं, वही मागचं. दरवर्षी नवं कालनिर्णय घरात आलं की आजी वही उघडून बसतात आणि घरचे दिवस उतरवून घेतात. वाढदिवस तारखेने, श्राद्ध आणि कुळधर्म तिथीने. तारखेचं सोपं, तिथी दरवर्षी जागा बदलते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून अकरा दिवसांनी लहान असल्याने सण दरसाल तेवढे अलीकडे येतात, आणि मध्येच अधिक महिना पडला की एकदम पुढे उडी घेतात. गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला होता, त्या वर्षी अधिक श्रावण आला, आणि २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला गेला. २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. म्हणून वहीत आजोबांच्या श्राद्धापुढे तारीख कधीच लिहिलेली नाही, महिना, पक्ष आणि तिथी एवढंच.

उतरवून घेतानाही एक खोच असते. चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाची असते, आणि शेजारी ती किती वाजता संपते ते. वर्षश्राद्धाला मात्र अपराह्णातली तिथी धरतात, म्हणजे साधारण दुपारी दीड ते चार या वेळची. समजा चौकोनात ‘अष्टमी ११.२०’ छापलंय. अकरा वीसला अष्टमी संपली, दुपारी नवमी लागलेली आहे. नवमीचं श्राद्ध असलेलं घर ते त्याच दिवशी करतं, जरी चौकोनात मोठ्या अक्षरात अष्टमी दिसत असली तरी. हे न बघता नुसती छापील तिथी धरणारे एक दिवस चुकतात. आजी स्वतः ठरवत नाहीत. शंका आली की चौकोनाशेजारी प्रश्नचिन्ह करून गुरुजींना विचारतात. पण प्रश्नचिन्ह कुठे करायचं हे त्यांना कळतं.

एकादशीचंही असंच. काही महिन्यांत लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते, एकीपुढे स्मार्त, दुसरीपुढे भागवत. घर वारकऱ्यांचं, नाथषष्ठीला पैठणला जाणारं, म्हणून भागवत. धाकटी सून माहेरच्या सवयीने पहिल्या दिवशी उपास धरी. दोन दिवस दोन वेगळे स्वयंपाक व्हायला लागले, तेव्हा आजींनी भागवतभोवती पेनाने गोल करायला सुरुवात केली. आता साबुदाणा एकदाच भिजतो.

आणि संकष्टी. उपास सोडायचा तो चंद्र बघून, आणि ज्या कॅलेंडरात फक्त मुंबईचा चंद्रोदय दिलेला असतो ते इथे दहा मिनिटं मागे पडतं. मुंबई साधारण ७२.९ रेखांशावर, हे शहर ७५.३ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर साडेनऊ-दहा मिनिटं होतात, आणि पूर्वेला असल्याने चंद्र इथे आधी दिसतो. आजींना रेखांश ठाऊक नाही. आकाश निरभ्र असताना त्यांनी गच्चीवरून बघितलं आणि वहीत लिहिलं: ‘छापील वेळेच्या दहा मि. आधी.’ उपाशी पोरांच्या दृष्टीने दहा मिनिटं काही कमी नाहीत.

वहीचं दुसरं अंग उलट बाजूने सुरू होतं. वही पालथी करून मागून उघडली की आहेर. कुणाच्या लग्नात काय आलं, कुणाला काय दिलं. ‘सिल्लोडचे: थोरल्याच्या लग्नात पातळ, टॉवेल-टोपी, ५१ रु.’ त्याखाली काही वर्षांनी वेगळ्या शाईत: ‘त्यांच्या मुलीला पातळ, स्टीलचा डबा.’ जी ओळ एकाच शाईत आहे तिचं देणं अजून फिटायचंय. वही भरली की आजी नवी आणतात, आणि जुन्या वहीतल्या फक्त एका शाईच्या ओळी उतरवतात. फिटलेलं पुढे जात नाही. ५१ रुपयांच्या जागी आज किती द्यायचे याचं त्यांचं गणित विलक्षण आहे. त्या रुपये मोजत नाहीत, तेव्हा तेवढ्यात काय मिळत होतं ते आठवतात. ‘तेव्हा ५१ त बऱ्यापैकी पातळ येत होतं. आज पातळच न्या.’ सुनांना हे पान अजून नीट वाचता येत नाही, कारण नावं नाहीत, ‘सिल्लोडचे’, ‘कन्नडची ताई’, ‘भावजींचे साडू’ अशीच आहेत. भावजी म्हणजे नेमके कोणते, हे सांगायला आजीच लागतात. या पद्धतीचा हा भाग खरोखर कच्चा आहे. मी तसं म्हटलं तेव्हा आजींनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या खेपेला थोरली सून त्यांच्याशेजारी बसून ‘साडू’पुढे कंसात गाव लिहीत होती.

पुतण्याने सगळं फोनवर घ्यायचा प्रयत्न करून बघितला. दर एक तारखेला तो कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा. फोटो छान यायचा, पण चार दिवसांत शिळा व्हायचा. पेन्सिल खोडली गेलेली असायची आणि फोटोत ती तशीच. त्या फोटोवर विसंबून एकदा तो मित्रांना जेवायला घेऊन आला, पेन्सिलीतल्या पाण्याच्या दिवशी. तेव्हापासून फोटो बंद. बाहेर असला की तो घरी फोन करून विचारतो, ‘काकू, काठी किती?’

शहराची नवी पाणीयोजना आता लोकांच्या बोलण्यात असते. २०२० च्या डिसेंबरात तिचं भूमिपूजन झालं. २५०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी, म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी. ती पूर्ण चालू झाली की रोज पाणी येईल, असं सांगतात. मी आजींना विचारलं, रोज नळ यायला लागले तर या काठीचं, या ‘पा’चं काय करायचं?

‘रोज आलं तर रोजचं कशाला लिहू,’ त्या म्हणाल्या. ‘नाही आलं त्या दिवशी लिहीन.’